काटछाटीनंतरचं वाचन

छाटलेलं पुस्तक वाचायला घेताना माझी एकच अट असते. मूळ हस्तलिखित मला दाखवायचं नाही. छाटलेला मजकूर जसा आहे तसा द्यायचा आणि बाजूला व्हायचं.

लोकांना हे उलटं वाटतं. मूळ समोर असेल तर काय गळलं ते लगेच कळेल, असं त्यांचं म्हणणं. तसं होत नाही. ज्यानं मूळ वाचलं आहे त्याला भोक दिसतच नाही. तो वाक्य वाचतो आणि गाळलेला मजकूर त्याच्या डोक्यात आपोआप जागेवर येऊन बसतो. लेखकाला दिसत नाही, कापणाऱ्या संपादकालाही दिसत नाही. कोऱ्या माणसाला तेवढं दिसतं, आणि पुस्तक विकत घेणारा वाचक कोराच असतो. मी त्याच्या जागी बसते. शुद्धलेखन बघणारी माणसं आमच्या शहरात पुष्कळ आहेत, पण काटछाटीनंतर वाचणारी म्हणून प्रकाशक माझ्याकडं येतात. आमचे हे म्हणतात, तू पगारी अनोळखी आहेस. बरोबर आहे.

काम सांगायला सोपं आहे. हातात पेन्सिल. ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘तिथं’, ‘त्या वेळी’ असे शब्द आले की मागं वळून बघायचं, हा कोणाबद्दल बोलतो आहे? सापडलं तर पुढं. नाही सापडलं तर गोल. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ आलं की वर सांगितलंय का, ते बघायचं. ‘दुसरं कारण’ आलं की पहिलं शोधायचं. ‘सोबतच्या छायाचित्रात’ म्हटलं असेल आणि छायाचित्र काढून टाकलं असेल, तर गोल. प्रकरणांचे आकडे, तळटिपा, अनुक्रमणिका, सगळं पुन्हा जुळवायचं. ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘पण’ हे शब्द दोन वाक्यांना बांधतात. त्यातलं एक वाक्य उडालं की हा शब्द भलत्याच वाक्याला बांधला जातो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे जिथं ‘ती’ची खरी धनीण गेलेली असते आणि शेजारी दुसरंच एखादं स्त्रीलिंगी नाम उभं असतं. वाचताना ठेच लागत नाही, अर्थ मात्र पार बदलतो.

सरांचं पुस्तक माझ्याकडं आलं ते गुलमंडीतून. प्रकाशकांचं ऑफिस तिथं साड्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. जिना चढताना खालचा पोऱ्या ‘या ताई, पैठणी बघा’ म्हणून हाक मारतो, गेली कित्येक वर्षं, आणि मी गेली कित्येक वर्षं वर जाते.

“मॅडम, जरा बघा,” प्रकाशकांनी गठ्ठा पुढं सरकवला. “लई छाटलंय. समझो आधी जान निकाल दी.”

“कोणी?”

“मीच. आत्मचरित्र आहे. पाचोडला मास्तर होते, पुढं हेडमास्तर झाले. माणूस सोन्यासारखा, पण लिहिलंय असं की संपतच नाही. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्यात प्रकाशन. मी शाळेचं तेवढं ठेवलं, घरचं काढलं.”

“लेखकाला विचारून?”

“तेव्हा विचारलं होतं. तेव्हा हो म्हणाले होते.” त्यांनी कपाळाला बोट लावलं. “आता विचारण्यासारखं राहिलेलं नाही. विसरतात. मुलगा पुण्यात असतो, तोच बघतो सगळं.”

उस्मानपुऱ्यात माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर मी गठ्ठा सोडला. प्रकाशकांनी कोयत्यानं छाटलं होतं. पहिल्या काही पानांतच पेन्सिलीला टोक करावं लागलं. सातव्या प्रकरणाचा हवाला होता आणि ते प्रकरण आता पाचवं झालं होतं. ‘या दोघांपैकी’ होतं आणि माणूस एकच उरला होता. हे नेहमीचं. पण पुढं पुढं एक वेगळाच प्रकार दिसायला लागला. गोल इकडंतिकडं विखुरलेले नव्हते. सगळे एकाच माणसाचे होते.

‘ती सायकल मी कोणाला दिली नाही.’ कोणती सायकल? ‘धाकटीच्या वेळेपासून मी वर्गात कोणाला उपाशी बसू दिलं नाही.’ धाकटी कोण? ‘तिच्या वयाची मुलगी फळ्याजवळ आली की माझा आवाज खाली येई.’ कोणाच्या वयाची? आणि एका पानावर हे:

‘शाळेला नवे पत्रे बसले. तरीही मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि हजेरी घेतली.’

मी हसले. खरंच हसले, आमच्या ह्यांना बोलावून वाचूनही दाखवलं. मग ‘तरीही’भोवती गोल करताना हसू गेलं. पत्रे बसले म्हणून कोणी ‘तरीही’ लिहीत नाही. तिथं दुसरं काहीतरी झालेलं होतं आणि ते उचलून नेलं होतं.

अशा वेळी मी प्रश्नांची यादी प्रकाशकांना देते आणि ते लेखकाला विचारतात. या वेळी ते फोनवर म्हणाले, “तुम्हीच जाऊन या ना. क्रांती चौकाच्या पुढंच घर आहे. मला तर वाचताना काहीच अडलं नाही.”

“अडणार नाही. तुम्ही मूळ वाचलंय.”

“मग मी काय सांगतोय, धाकटी म्हणजे त्यांची…”

“सांगू नका,” मी म्हटलं. फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. न जाता त्यांच्याकडूनच ऐकून घेतलं असतं तरी चाललं असतं. पण लेखक हयात असेल तर लेखकाला विचारायचं, अशी माझी रीत आहे.

दार काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, उघडलं. नऊवारी, चष्म्याला दोरी. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाल्या, “या बाई. बसा. त्यांचं वाचन चाललंय, मधी बोलू नका, रागावतेत.”

सर खिडकीजवळ खुर्चीत ताठ बसले होते. लेखकाची म्हणून प्रकाशकांनी पाठवलेली प्रुफं त्यांच्या मांडीवर होती. वर्गात वाचावं तसं मोठ्यानं, थांबे घेत वाचत होते. शाळेला नवे पत्रे बसले. तरीही मी… आणि तिथं अडखळले. परत मागं गेले. परत वाचलं. मग कागदावरून मान वर केली.

“हे तरीही काय? काय झालं होतं?”

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. जणू या प्रश्नाचीच वाट बघत होत्या. “आपली धाकटी गेली होती,” त्या म्हणाल्या. “आदल्या दिवशी.”

“धाकटी.”

“व्हय. तापात. पैठणला न्यायचं होतं, पर…”

“हां,” सर म्हणाले. “जीप आली नाही.” मग त्यांचा चेहरा मोडला. रडण्याचा आवाज नव्हता. काकूंनी जाऊन पदरानं त्यांचं तोंड पुसलं, चष्मा पुसून परत लावला, आणि ते पुढं वाचायला लागले.

आत चहा करताना काकूंनी मला सांगितलं. एरवी त्यांना मुलगी आठवत नाही. भिंतीवरचा फोटो दाखवला तर विचारतात, कोणाची पोर? सांगितलं तरी ऐकून सोडून देतात. “पर ह्या कागदात कसं होतंय बघा. वाचता वाचता पाय अडतो त्यांचा. मग आपणच इचारतेत. आपण इचारलं की मग त्यांना दिसती ती. जीप आली नाय, हे मी सांगत नाय, तेच सांगतेत. रोज.”

“रोज रडतात?”

“रडतेत की. बाप हाये. रडू नाय तर काय करावं?” त्यांनी गाळणं आपटून साफ केलं. “मी एकटी किती दिवस आठवू तिला? दोघं होतो तवा वाटून घेतलं होतं. तुम्ही म्हणं चुका काढायला आला. ह्या जागा नका काढू बाई. हात जोडते.”

जे खरं होतं ते सांगितलं. छापल्यावर वाचकाला या जागा कळणार नाहीत, पत्र्यांच्या वाक्याला लोक हसतील, मीही हसले होते. त्यांनी मान हलवली. हसतील, हे त्यांना पटलं. मग म्हणाल्या, “मग तिला परत घाला. पूर्वी होती तशी.”

हे योग्य होतं. तुटलेला दुवा दोनच तऱ्हांनी दुरुस्त होतो, एकतर ज्याच्याकडं बोट दाखवलं आहे ते परत आणायचं, नाहीतर बोट काढून टाकायचं. परत आणायला पूर्ण प्रकरण लागत नाही. पहिल्या उल्लेखाच्या आधी एक छोटा परिच्छेद बसला की पुढच्या सगळ्या ‘ती’ उभ्या राहतात. मात्र तो परिच्छेद लेखकाचा हवा. दुसऱ्याच्या आत्मचरित्रात मी माझं वाक्य घालत नाही. काकूंनी मूळ प्रकरण काढून दिलं आणि मी माझी अट मोडून ते तिथंच वाचलं. सरांचं अक्षर सुरेख होतं. त्यातली चार वाक्यं निवडली: धाकटी कोण, तिची सायकल, बाजाराच्या दिवशी सरांबरोबर चालत जायची तिची खोड, आणि ताप.

गुलमंडीला गेले. प्रकाशकांनी वाक्यं वाचली, चष्मा काढला, डोळे चोळले. वाईट माणूस नाही तो.

“मॅडम, फॉर्म फुटतो.”

पुस्तक सोळा सोळा पानांच्या फॉर्मात छापलं जातं. मजकूर शेवटच्या पानाच्या तळाला टेकलेला असला की चार ओळींनीसुद्धा नवा फॉर्म उघडतो आणि बाकीची पानं कोरी जातात. हे मला शिकवायची गरज नव्हती. मी आधीच जागा काढून ठेवली होती.

“तुमच्या प्रकाशकीयात तुम्ही स्वतःचे आभार दोनदा मानलेत. एकदा मानलेत तर चार ओळी सुटतात.”

ते मोठ्यानं हसले. “घ्या! मलाच कापा आता!” मग हसू आवरून म्हणाले, “जागा होईल हो. पण मुलाला विचारायला लागेल.”

फोन त्यांनी स्पीकरवर टाकला. मुलाचा आवाज दमलेला होता. मी दुवे, परिच्छेद, वाचकाची अडचण, सगळं नीट मांडलं. त्यानं मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, “ताई, तुम्ही बाबांना रडताना पाहिलंय?”

“पाहिलं.”

“एकदा. मी गेलो की रोज सकाळी पाहतो. रोज त्यांना नव्यानं कळतं की ती गेली. आपल्याला एकदा कळलं, त्यांना रोज. माझीपण बहीण होती ती. पण हे काय वाचन आहे का? आई मुद्दाम ते कागद त्यांच्या हातात देते.”

“काकूंचं म्हणणं…”

“आईचं म्हणणं मला माहीत आहे. काढा. जिथं जिथं राहिलीय तिथून काढा. त्यांना शांतपणे वाचू द्या.”

प्रकाशकांनी माझ्याकडं पाहिलं. दोघांचंही खरं होतं. पुस्तकाचा निर्णय मुलाच्या हातात होता. मी तो काकूंना जाऊन सांगितला, फोनवर सांगायला बरं वाटेना. त्या तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

“तो तवा लहान होता,” एवढंच म्हणाल्या. “तुमचं काम तुम्ही करा बाई.”

मी काम केलं. त्यात कठीण काही नव्हतं. ‘ती सायकल’ असलेलं वाक्य पुढंमागं कशाला जोडलेलं नव्हतं, ते उडालं. ‘धाकटीच्या वेळेपासून’ काढलं आणि ‘मी वर्गात कोणाला उपाशी बसू दिलं नाही’ राहिलं. चांगलं वाक्य झालं, मास्तरांच्या पुस्तकात शोभणारं. ‘तिच्या वयाची मुलगी’ नुसती ‘लहान मुलगी’ झाली. ‘तरीही’ काढलं. शाळेला नवे पत्रे बसले. मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि हजेरी घेतली. गुळगुळीत. एका वाक्याच्या टोकाला नख लावून बघावं, तर अडकत नाही. हाताखालचं काम चांगलं होतंय हे कळत होतं. माणूस जितका चांगला पुसला जाईल तितकी माझी हुशारी, असं ते काम होतं. आमच्या ह्यांनी विचारलं, भाजी का जाळलीस? जळली होती.

शेवटची प्रुफं मी पुन्हा आरंभापासून वाचली. एकही गोल राहिला नाही. पुस्तक छापायला गेलं.

मेळाव्याला मी गेले नाही, कधीच जात नाही. नंतर काही आठवड्यांनी काकूंचा फोन आला. येऊन जा म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

सर खिडकीतच होते. हातात पुस्तक, गुळगुळीत कव्हर, मागं त्यांचा फोटो. मोठ्यानं, थांबे घेत, बिनअडखळता वाचत होते. पत्रे बसले, हजेरी घेतली, पान उलटलं. चेहरा शांत होता. मुलाला हवा होता तसाच.

“आता इचारत नायत,” काकू म्हणाल्या. “मी जुने कागद ठेवले होते हो. दिले हातात. तर म्हणतेत, हे कच्चं आहे. पुस्तक आल्यावर कच्चं कोण वाचतं? मास्तर ना. मग मी आपणच सांगितलं, आपल्याला एक धाकटी होती. त्यांनी पुस्तक काढलं. सगळं चाळलं, पान न् पान. अन् म्हणाले, नाय. असती तर मी लिहिलं नसतं का?”

काकू सरांच्या खुर्चीशी गेल्या. “पर एक जागा हाये बाई. मी हुडकली. तुम्ही ठेवली का राहिली, ते मला इचारायचं होतं.”

त्यांनी पुस्तकात खूण म्हणून काडी घातली होती. सरांच्या हातातून हळूच पुस्तक घेतलं आणि पान माझ्यापुढं धरलं. पाचोडच्या बाजाराचं वर्णन. ‘बाजाराच्या दिवशी मी खडू आणि शाईच्या पुड्या आणायला पिशवी घेऊन निघत असे. येताना तिला झोप लागायची, मग खांद्यावर घ्यावं लागे.’

पहिल्या वाचनात ते गोलांच्या गर्दीत निसटलं असेल, पण शेवटच्या प्रुफात मी ते वाचलं होतं, हे मला स्वच्छ आठवत होतं. वाचताना मला दिसली होती ती पोर, सरांच्या खांद्यावर मान टाकून, उन्हात. म्हणून मला भोक दिसलं नाही. तोवर मी कोरी राहिले नव्हते.

“राहिली,” मी म्हटलं.

“राहिली तर राहिली. लई बरं झालं.” काकूंनी ते पान सरांपुढं धरलं, वाक्यावर बोट ठेवलं. “हे वाचा. हे तुमच्या पुस्तकात हाये. ही कोण? कोणाला झोप लागायची?”

सरांनी वाचलं. अडखळले. मागं गेले, परत वाचलं. काकूंनी माझं मनगट पकडलं होतं. सरांच्या कपाळावर आठी आली, अगदी पहिल्या दिवशी पाहिली होती तशी, आणि मलाही वाटलं की आता येईल.

मग ते हसले. जुन्या, भरल्या वर्गात हसावं तसे.

“पिशवीला झोप लागते होय?” त्यांनी विचारलं. “कोणी वाचलंय हे? लक्ष कुठं होतं?”

खिशाला लाल पेन होतं. इतक्या वर्षांनंतरही ते खिशालाच असतं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं आणि ‘तिला झोप लागायची, मग’ यावर पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ मारली. समासात खूण केली आणि वर सुरेख अक्षरात लिहिलं: ‘ती जड व्हायची, म्हणून’. मग वाक्य पुन्हा मोठ्यानं वाचून पाहिलं. येताना ती जड व्हायची, म्हणून खांद्यावर घ्यावं लागे. मान डोलावली.

काकूंनी माझा हात सोडला आणि आत निघून गेल्या.

सरांनी पान माझ्याकडं वळवलं. मी बघितलं. समासात खूण जागेवर होती, वाक्य जुळत होतं, मागं कुठं काही लोंबकळत नव्हतं. दुरुस्ती बरोबर होती. मी तसं त्यांना सांगितलं.

“पुढच्या आवृत्तीत घ्या,” ते म्हणाले, आणि पुढं वाचायला लागले.